पंप घेतोय तरी दम लागतोच: औषध बदलण्याआधी श्वास तपासा

तक्रार नेहमीचीच. "पंप वेळेवर घेतो, तरी दम लागतोच. दुसरं काहीतरी भारी द्या." छातीच्या दवाखान्यात फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, करण्याचं काम मी अठरा वर्षं करतेय, आणि हे वाक्य कानावर पडलं नाही असा दिवस क्वचितच जातो. दिवाळी झाली, हवेत धुरकं साचायला लागलं की रांग आणखी वाढते. यातल्या बऱ्याच जणांच्या चिठ्ठीवरचं औषध बरोबर असतं. एक तर ते फुप्फुसापर्यंत पोचत नसतं, नाहीतर ज्याच्यासाठी लिहिलंय तो ते घेतच नसतो.

मागच्या हिवाळ्यात लालबागच्या चाळीतलं एक जोडपं आलं. त्यांच्याकडे या दोन्ही भानगडी एकदमच होत्या, म्हणून तेच उदाहरण सांगते. काका ६७ वर्षांचे. गिरणीच्या कातखात्यात थोडी वर्षं काढलेली, १९८२च्या संपानंतर वॉचमनकी, आणि बिडी चाळीस वर्षं. काकू ५९ च्या, आयुष्यात तंबाखूला हात न लावलेल्या. घरात दोघांच्याही आजाराचं नाव एकच होतं: दमा. तीन महिन्यांत तिसरी खेप होती. डॉक्टरांनी औषध वाढवण्याऐवजी दोघांना माझ्याकडे पाठवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, "घेताना बघा."

पिशवी उलटी करा

माझी पहिली पायरी हीच. घरातली सगळी औषधं टेबलावर ओतायला लावते. काकूंच्या पिशवीतून एक फवाऱ्याचा पंप निघाला, एक पावडरचं मशीन निघालं (रोटाहेलर म्हणतात सगळे त्याला, कंपनी कुठलीही असो), कॅप्सूल भरलेली लोणच्याची छोटी प्लास्टिकची बरणी निघाली आणि दम एकदम वाढला की घ्यायचा एक निळा पंप.

"यातलं तुमचं कुठलं, काकू?"

"अगं, दोघांचंच आहे. हाताला येईल ते घेतो. कॅप्सूलनं मला लगेच मोकळं वाटतं. माझ्या पंपानं काही कळतच नाही, म्हणून तो आता हेच ओढतात जिना चढल्यावर."

कॅप्सूल काकांसाठी लिहिलेल्या होत्या. त्यात श्वासनळी लांब वेळ उघडी ठेवणारी दोन औषधं असतात, स्टेरॉइड नसतं. पंप काकूंचा, त्यात सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि नळी उघडणारं औषध एकत्र. म्हणजे जिला स्टेरॉइड हवं तिनं ते सोडलं होतं, आणि ज्यांना त्याची तशी गरज नव्हती ते ते ओढत होते. काकांच्या जिभेवर पांढरे चट्टे आले होते, बुरशीचे. स्टेरॉइडचा पंप घेऊन चूळ भरली नाही की येतात तसे.

निळा पंप हलवून पाहिला तर आत काही हलतच नव्हतं. काका म्हणाले, "फुसफुस करतो की अजून." करतो, औषध संपल्यावरही गॅस थोडा उरतो, तो फुसफुसतो. पाण्यात टाकून तरंगतो का बघायचा जुना उपाय भरवशाचा नाही. ज्या पंपावर आकडा दिसत नाही त्यावर फवारे किती ते लिहिलेलं असतं. १२० फवाऱ्यांचा पंप, सकाळी दोन, रात्री दोन, तर ३० दिवसांत संपला. उघडल्याची तारीख पेनानं पंपावरच लिहून ठेवायची. निळा पंप रोज लागत नसेल तर प्रत्येक फवाऱ्याला कॅलेंडरवर रेघ मारायची. मी काकूंना कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाच्या बाजूला मारायला सांगितलं.

आता माझ्यासमोर घेऊन दाखवा

"पंप घेता येतो का?" असं विचारू नये. येतो असंच उत्तर मिळतं. घेऊन दाखवायला सांगायचं आणि तोंडाकडे, नाकाकडे नि छातीकडे बघत राहायचं, मध्ये बोलायचं नाही.

काकूंनी पंप न हलवता तोंडात धरला, दाबला, आणि मग गरम चहाचा भुरका मारावा तसा एकदम झटकन श्वास ओढला. दुसऱ्याच क्षणी "हां, घेतला" म्हणाल्या, आणि बोलता बोलता नाकातून पांढरी वाफ बाहेर. ती वाफ म्हणजे औषध. फवाऱ्याचं औषध आधीच वेगात सुटलेलं असतं, त्यात आपण झटक्यानं ओढलं की ते घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि तिथेच राहतं. उत्तम रीतीनं घेतलं तरी नुसत्या पंपातून फुप्फुसात थोडाच वाटा पोचतो, इथे तर काहीच पोचत नव्हतं.

काकांची तऱ्हा नेमकी उलटी. कॅप्सूल मशीनमध्ये टाकली, फिरवली, मग मशीन तोंडाला लावूनच आधी "हूं" करून श्वास सोडला. आत ओल गेली, पावडर चिकटली. मग संथ, शांत श्वास घेतला, जणू प्राणायामाला बसलेत. मी मशीन उघडून कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली. अर्ध्याहून जास्त पावडर आतच. लोणच्याच्या बरणीतल्या बाकीच्या कॅप्सूलही मऊ पडल्या होत्या. एक फोडली तर पावडरचे खडे. बरणी मोरीच्या वरच्या फळीवर असायची. मुंबईत जून ते सप्टेंबर बिस्किटाचा पुडा उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत मऊ होतो, तर या पावडरीचं काय होणार? कॅप्सूल ज्या पॅकमध्ये येतात त्यातच ठेवायच्या, घट्ट बंद, मोरी आणि गॅसपासून लांब. घ्यायच्या वेळी कोरड्या हातानं एकच काढायची.

पंप आणि मशीन यांना लागणारे श्वास एकमेकांच्या उलट असतात, हे रुग्णाला कुणी सांगतच नाही. पंप स्वतः जोर लावतो, म्हणून आपण सावकाश ओढायचं. पावडरच्या मशीनला स्वतःचा जोर नाही, आपल्या ओढीनंच पावडर फुटून उडते, म्हणून पहिल्या क्षणापासून जोरात ओढायचं. नारळपाणी संपत आलं की तळाचं पाणी स्ट्रॉनं ओढताना गाल आत जातात ना, तेवढी ओढ. काकांनी पाहिलं की त्यांचा श्वास पंपाचा आहे आणि हातात मशीन आहे, काकूंचं उलटं. ते हसून म्हणाले, "म्हणजे लग्नातच अदलाबदल झाली म्हणायची."

दोघांना एकच आजार आहे का?

तंत्र सुधारण्याआधी डॉक्टरांना टेस्ट हवी होती, कारण काकांची जुनी टेस्ट कुणाकडेच नव्हती. टेस्टच्या आधी किमान ४ तास निळा पंप घ्यायचा नाही आणि लांब चालणारी औषधं डॉक्टर सांगतील तेवढा वेळ थांबवायची. नाकाला चिमटा लावून छाती पूर्ण भरायची आणि एका दमात सगळी हवा बाहेर फेकायची. मी ओरडत राहते, "फेका, फेका, अजून, अजून." शेजारच्या खोलीतल्यांना वाटतं कुणी बाळंत होतंय. मग निळ्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या पोकळ नळकांड्यातून, द्यायचे, १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं.

बघायच्या गोष्टी दोनच. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, आणि एकूण किती पडली.

काकूंची पहिल्या सेकंदातली हवा आधी १.२० लिटर होती, औषधानंतर १.५६ झाली. ३६० मिली वाढ, म्हणजे ३० टक्के. वाढ १२ टक्क्यांहून जास्त आणि २०० मिलीहून जास्त अशी दोन्ही असली की नळ्या चांगल्याच उघडताहेत म्हणायचं. पहिल्या सेकंदातली हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तरही ०.६० वरून ०.७१ वर आलं. त्यात लहानपणी सारखी सर्दी, पहाटे चार वाजता खोकून उठणं, आणि मधले आठ-दहा दिवस अगदी ठणठणीत. हा दमा.

काकांचा आकडा १.२५ वरून १.३५ झाला. १०० मिली, ८ टक्के. औषधानंतरचं गुणोत्तर ०.५०. औषध देऊनही ते ०.७० च्या खालीच राहत असेल, आणि सोबत बिडीचा किंवा चुलीच्या धुराचा इतिहास, वर्षागणिक वाढत जाणारा दम, सकाळचा कफ असेल, तर तो सीओपीडी, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. काकांना चांगला दिवस आणि वाईट दिवस असा फरक फारसा नव्हता. त्यांचा हिशोब जिन्याचा होता: पाच वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर थांबत, आता दुसऱ्यावर. परळ स्टेशनचा पूल चढताना अर्ध्यावर कठड्याला टेकून मोबाइल बघितल्यासारखं करत, म्हणजे कुणाला कळू नये.

इतकं स्वच्छ चित्र नेहमी मिळत नाही हेही सांगते. दम्याचा माणूस चांगल्या दिवशी आला तर टेस्ट नॉर्मल येते. सीओपीडीतही कधी कधी बऱ्यापैकी वाढ दिसते. जुना टीबी होऊन गेलेल्यांच्या नळ्याही अरुंद होतात, बिडी न ओढता. म्हणून नुसत्या आकड्यावर शिक्का मारायचा नसतो, इतिहास आणि एक्स-रे सोबत लागतो, आणि निदान डॉक्टरांनी करायचं असतं.

नावातल्या फरकानं औषधाचा पायाच बदलतो. दम्यात मूळ गोष्ट म्हणजे नळीच्या आतल्या अस्तराची सूज, तिला स्टेरॉइडचा श्वास रोज लागतो. ते घेतल्यावर "काही कळत नाही" हे खरंच आहे, कारण सूज उतरायला दिवस लागतात. काकू काकांची कॅप्सूल घेत होत्या तेव्हा नळी उघडत होती, बरंही वाटत होतं, पण सूज खाली तशीच धुमसत होती. दम्यात स्टेरॉइडशिवाय नुसतं लांब चालणारं नळी-उघडं औषध घेणं जिवावर बेतू शकतं. इथे मी कुणाची भीड ठेवत नाही, काकूंनाही स्पष्ट सांगितलं. "पण स्टेरॉइड म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली. श्वासातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीची मिलिग्रॅममध्ये, म्हणजे गोळीपेक्षा कितीतरी कमी. चूळ भरून थुंकायची, मग तोंडाचा त्रासही टळतो.

सीओपीडीत नळ्या कायमच्या बिघडलेल्या असतात आणि फुप्फुसाची लवचिकता गेलेली असते. तिथे पाया नळी उघडणाऱ्या औषधांचा. स्टेरॉइड सगळ्यांना नाही. वारंवार आजार उफाळतो, रक्तातल्या इओसिनोफिल पेशी जास्त आहेत, अशांना ते जोडतात. बाकीच्यांना त्यानं न्यूमोनियाचा धोका मात्र थोडा वाढतो. आणि काकांची बिडी सुटणं हे कुठल्याही पंपापेक्षा मोठं औषध होतं, ते डॉक्टरांनी माझ्यासमोरच त्यांना ऐकवलं.

मग केलं काय

सवय मोडण्यापेक्षा श्वासाला साजेसं यंत्र देणं सोपं, असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. काकूंचा भुरका जोरदार होता, तर त्यांना स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल हे नळी उघडणारं औषध असलेली पावडरची कॅप्सूल दिली. रोज दोन वेळा, आणि दम लागला तर तीच जादा. दिवसाला जास्तीत जास्त किती हे चिठ्ठीवर लिहून दिलं. ही सोय फॉर्मोटेरॉलच्या जोडीलाच आहे, कारण ते पटकन लागू पडतं, प्रत्येक जोडऔषधाला नाही. काकांना त्यांचीच दोन औषधं फवाऱ्याच्या पंपात, सोबत स्पेसर.

काकूंना एवढंच शिकवायचं होतं: मशीनमध्ये फुंकायचं नाही, तोंड बाजूला करून श्वास सोडायचा, मग ओठ घट्ट लावून जोरात आणि खोल ओढायचं, मशीन काढून श्वास रोखायचा. नंतर कॅप्सूल उघडून बघायची, पावडर उरली असेल तर पुन्हा एकदा ओढायचं. आणि कॅप्सूल गिळायची नाही. हसू नका, पाण्याबरोबर महिनाभर गिळलेले लोक मी पाहिलेत. औषधाच्या दुकानात कॅप्सूल म्हणूनच मिळते, त्यांची काय चूक?

काकांच्या पंपाला वेळ लागला. टोपण काढा, चार-पाच वेळा हलवा, स्पेसरला लावा, पंप उभाच राहील असा धरा. श्वास सोडा, ओठ मिटा, एकच फवारा मारा आणि सावकाश ओढत राहा. सेकंद मोजणं त्यांना जमेना. वारीला जाऊन आलेले आहेत, म्हणून म्हटलं, ओढताना मनात पाच वेळा विठ्ठल म्हणा, रोखताना दहा वेळा. लगेच बसलं. दुसरा फवारा अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा पंप हलवून. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये मारले की थेंब एकमेकांना चिकटतात आणि भिंतीला लागतात, म्हणून एका वेळी एकच. काकांना दोन औषधांपैकी एकामुळे लघवी अडणं किंवा काचबिंदू वाढणं शक्य असतं, तेही विचारून घेतलं. तसं काही नव्हतं.

घरात निळा पंप मात्र दोघांसाठी हवाच, नवा, भरलेला. काकूंचा दम फारच वाढला तर मशीन ओढायला जोर राहणार नाही, तेव्हा स्पेसरच कामाला येतो. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर, गुंगी, यातलं काही दिसलं की निळ्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून एकेक करून द्यायचे आणि १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत २० मिनिटांनी पुन्हा चार. काकांसाठी फोनवर आणि दवाखान्यात "दमा" न म्हणता "सीओपीडी" म्हणायचं. त्यांना ऑक्सिजन मोजून द्यावा लागतो, बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ च्या दरम्यान राहील एवढाच. भरमसाट दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. सुनेनं ते शब्द फ्रिजवर चिकटवले.

तंत्र बरोबर, औषध बरोबर, पंप भरलेला, आणि तरीही दम हटत नाही असं झालं तर दुसरीकडे बघायचं. पाय सुजणं आणि आडवं पडल्यावर घुसमटणं असेल तर हृदय. ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त असेल तर थुंकीची टीबीची तपासणी आधी. आणि डोळ्यांचे थेंब विचारा. एका मावशींचा दम काचबिंदूसाठी सुरू केलेल्या टिमोलॉलच्या थेंबांपासून चिघळला होता. डोळ्यात टाकलेलं औषध छातीपर्यंत जातं हे त्यांना काय, आम्हालाही विचारेपर्यंत सुचलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी दोघांना परत बोलावलं, पुन्हा पिशवीसकट. हे बोलावणं मी टाळत नाही, शिकवलेलं पंधरा दिवसांत निम्मं विसरलेलं असतं. काकू पहाटे उठत नव्हत्या, रात्रीची डासांची कासव-छाप उदबत्तीही बंद केली होती. काका दुसऱ्या मजल्यावर अजूनही थांबतात, पण थांबून दोन मिनिटांत पुढे निघतात. तिसऱ्यापर्यंत जाल असं मी त्यांना सांगितलं नाही. बिडी दिवसाला तीनवर आली आहे असं ते म्हणाले, काकूंनी बोटं पाच दाखवली.

श्वास दोघांचाही बरोबर होता. मग काकांनी पिशवीतून स्पेसर काढला, काचेच्या भांड्यासारखा लख्ख. "रोज धुऊन फडक्यानं पुसून ठेवतो," काकू म्हणाल्या. पुसल्यानं प्लास्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि फवारा भिंतीलाच चिकटतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून आठवड्यातून एकदा बुडवा, न पुसता उभा निथळत ठेवा, असं सांगून तिथल्या तिथे धुतला आणि खिडकीत वाळत घातला. सुकेपर्यंत दोघं बाहेर बाकावर बसली होती.